कोलायटिस असलेल्या विद्यार्थ्याने रेक्टरांना पत्र कसे लिहावे : पथ्य आणि शौचालय

माझे पहिले पत्र तीन ओळींचे होते. ‘मला कोलायटिसचा त्रास असल्याने पथ्याचे जेवण व शौचालयाजवळची खोली मिळावी, ही नम्र विनंती,’ एवढेच त्यात होते. रेक्टर सरांनी ते उभ्या उभ्या वाचले, ‘अरे, कोलायटिस मलाही आहे, बाहेरचे खाणे बंद कर’ असा आपुलकीचा सल्ला दिला आणि मेसला तोंडी निरोप धाडला. पुढचे आठ दिवस मला दोन्ही वेळा मुगाची खिचडी मिळाली. नवव्या दिवशी मेसच्या काकांनी ‘अजून बरे वाटले नाही का?’ असे विचारले, आणि दहाव्या दिवसापासून खिचडी बंद झाली. खोलीचा विषय तर कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

यात कोणाचाही दुष्टावा नव्हता. चूक पत्राची होती. आपल्याकडे पोट बिघडले, आव पडली, जेवणानंतर पोट दुखले, की त्या सगळ्याला सर्रास ‘कोलायटिस’ म्हणतात, त्यामुळे तो शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चार दिवसांचे दुखणे उभे राहते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा निराळा आजार आहे. त्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. मध्ये काही महिने अगदी बरे जातात आणि मग आजार पुन्हा उसळी घेतो. पत्रात आजाराचे पूर्ण नाव लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे. पण नुसत्या नावाने काम होत नाही. रेक्टरांना आजारावर उपचार करायचे नसतात. त्यांना कोणाला तरी काहीतरी करायला सांगायचे असते. कोणाला, काय आणि किती दिवस, ही तीन उत्तरे पत्रातच सापडली पाहिजेत.

आधी आठवडाभराची नोंद

पत्र लिहायला बसण्यापूर्वी सात दिवस वहीच्या मागच्या पानावर साधी नोंद ठेवावी. दिवसातून किती वेळा जावे लागले, त्यांपैकी रात्री किती वेळा, कळ आल्यापासून किती वेळ थांबता आले, आणि त्या वेळी शौचालय रिकामे होते का. त्यासोबत पलंगापासून शौचालयाच्या दारापर्यंतची पावले एकदा मोजावीत. हे लाजिरवाणे वाटते, पण ‘वारंवार जावे लागते’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने लावतो आणि आकड्याचा अर्थ सगळ्यांना एकच लागतो.

माझ्या नोंदीत असे निघाले : त्रास उसळलेला असताना दिवसातून सात ते आठ वेळा, त्यांपैकी दोनदा रात्री, आणि थांबण्याची मुदत जेमतेम एक मिनिट. मलाशयालाच सूज असल्यामुळे ते थोडासा मलही धरून ठेवू शकत नाही, म्हणून कळ आली की लगेच जावे लागते. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत होती आणि शौचालये बोळाच्या दुसऱ्या टोकाला, ७२ पावलांवर. हे अंतर मिनिटाच्या आत संपते. पण सकाळी सात ते साडेआठ या वेळेत चार शौचालयांसमोर बादल्यांची रांग लागलेली असायची आणि तिथेच माझा हिशेब चुकायचा. नोंद ठेवताना आणखी एक गोष्ट कळली, जी मला एरवी सुचलीच नसती : रात्री एकनंतर वरच्या मजल्याच्या नळाला पाणी नसायचे, कारण टाकी रिकामी व्हायची आणि मोटर पहाटे पाचला सुरू व्हायची. खोली अगदी शौचालयाला खेटून मिळाली असती, तरी रात्री तीन वाजता कोरड्या नळाने तिचा उपयोग निम्मा केला असता.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात काय हवे

बहुतेक डॉक्टर ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस, उपचार चालू, हलका आहार घ्यावा’ एवढे लिहून सही करतात. त्यांचे काम तेवढ्याने भागते, वसतिगृहाचे भागत नाही. ‘हलका आहार’ म्हटले की मेसमध्ये खिचडी शिजते. म्हणून तपासणीला जाताना आपल्याला हव्या असलेल्या वाक्यांचा कच्चा मसुदा सोबत न्यावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा. ते त्यांतली योग्य वाटतील तीच वाक्ये लिहितील, आणि तसेच असावे.

प्रमाणपत्रात माझ्या मते चार गोष्टी असाव्यात. आजार दीर्घकालीन असून मधूनमधून बळावतो. तो संसर्गजन्य नाही. हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण सामाईक शौचालय आणि रक्त हे दोन शब्द एकत्र वाचले की खोलीतल्या इतर मुलांच्या पालकांचे फोन सुरू होतात. रुग्णाला शौचाची घाई अचानक होते आणि रात्रीही होऊ शकते, म्हणून शौचालय जवळ असणे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे आहे. आणि चौथे, ही शिफारस संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी आहे. मुदत लिहिलेली नसेल तर कार्यालय ती पंधरा दिवसांची धरते.

कोलोनोस्कोपीचा अहवाल आणि त्यातले आतड्याचे रंगीत फोटो पत्राला जोडू नयेत. ते रेक्टरांना वाचता येत नाहीत आणि फाइल कोणाच्या टेबलावर उघडी पडेल, हे सांगता येत नाही. प्रमाणपत्रही बंद पाकिटात, वर ‘वैद्यकीय, गोपनीय’ असे लिहून द्यावे.

एका मोहापासून सावध राहावे. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मला ही सोय मिळालीच पाहिजे’ असे वाक्य एखादा मित्र सुचवतो. त्या कायद्याच्या अनुसूचीत अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि त्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे नाव नाही. रेक्टरांनी ते तपासले, तर पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडेल. हे विनंतीपत्र आहे आणि त्याचा जोर वैद्यकीय कारणावर असावा.

पथ्य एक नव्हे, दोन

माझी खिचडी बंद का झाली, याचे खरे कारण इथे आहे. या आजारात वर्षभर चालणारे असे एकच पथ्य नसते. आजार शांत असताना बहुतेकांना घरचे साधे जेवण चालते आणि ते पोटभर जेवलेच पाहिजे, कारण रक्त जाऊन जाऊन पंडुरोग झालेला असतो आणि वजन घटलेले असते. अशा माणसाने वर्षभर खिचडीवर राहणे म्हणजे दुसरे दुखणे ओढवून घेणे. आजार उसळतो तेव्हा मात्र चोथा कमी असलेले, मऊ शिजवलेले आणि बिनतिखट अन्न सोसते : मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल काढून शिजवलेला दुधी, लाल भोपळा किंवा बटाटा, उकडलेले अंडे. त्या दिवसांत मोड आलेल्या मटकीची उसळ, छोले, राजमा, ज्वारी-बाजरीची भाकरी, कच्ची कोशिंबीर आणि शेंगदाण्याचे कूट घातलेल्या भाज्या बाजूला ठेवाव्या लागतात. दूध कोणाला चालते, कोणाला नाही. आपली यादी आपल्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावी. माझी यादी तुमच्या पत्रात उतरवू नये.

पत्रात मग दोन अवस्था लिहाव्यात : ‘नेहमीचे दिवस’ आणि ‘त्रासाचे दिवस’. एकीतून दुसरीत जाण्यासाठी नवा अर्ज लागू नये, याची सोयही पत्रातच करून घ्यावी. माझ्यासाठी ती सोय म्हणजे एक चिठ्ठी होती. आदल्या रात्री आठच्या आत मेसच्या खिडकीत ‘उद्यापासून पथ्य’ अशी तारीख घातलेली चिठ्ठी टाकायची, आणि बरे वाटले की ‘उद्यापासून नेहमीचे’ अशी दुसरी. काकांना रोज ‘बरे आहे का’ हे विचारावे लागत नाही आणि आपल्यालाही रांगेत उभे राहून पोटाची हकीकत सांगावी लागत नाही.

मेसकडे वेगळा स्वयंपाक मागू नये. तीनशे मुलांच्या स्वयंपाकात एका माणसासाठी वेगळे पातेले चार दिवस चढते, पाचव्या दिवशी विसरते. जे शिजतेच आहे, त्यातून आधी काढून ठेवायला सांगावे. वरणाला तिखट-फोडणी पडण्यापूर्वी दोन वाट्या वरण बाजूला निघू शकते. भाजीत मसाला जाण्यापूर्वी दुधीच्या शिजलेल्या फोडी निघू शकतात. आपला झाकणाचा स्टीलचा डबा, वर नाव आणि खोली क्रमांक रंगवून, स्वयंपाकघरात नेऊन ठेवावा. डबा समोर दिसला की काढून ठेवण्याची आठवण होते, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे.

शौचालयाबाबत काय मागावे

‘अटॅच्ड बाथरूमची खोली द्यावी’ ही मागणी सर्वांत आधी सुचते आणि सर्वांत लवकर नाकारली जाते, कारण अशा खोल्या बहुधा दोन-चारच असतात आणि त्यांवर आधीच कोणाचा तरी डोळा असतो. त्याऐवजी मागणी उतरत्या क्रमाने लिहावी : शौचालयालगतची खोली, ती या सत्रात शक्य नसेल, तर त्याच मजल्यावरचे एक शौचालय सकाळच्या गर्दीच्या वेळेपुरते राखीव, तेही नसेल, तर तळमजल्यावरील कर्मचाऱ्यांच्या किंवा पाहुण्यांच्या शौचालयाची किल्ली. ‘नाही’ म्हणणे सोपे असते. तीनांपैकी एक निवडायचे असले, की माणूस विचार करू लागतो.

राखीव शौचालयाचा मुद्दा थोडा समजावून लिहावा लागतो. या आजारात आतडे रिकामे असूनही शौचाला होण्याची भावना टिकून राहते आणि माणूस दहा-पंधरा मिनिटे आत बसतो. बाहेरून दार वाजायला लागते, शिव्या ऐकू येतात. दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी आणि कुलूप, आणि किल्ली आपल्याजवळ, हा आमच्याकडे निघालेला तोडगा फारसा प्रामाणिक नव्हता, पण नावाची पाटी लावण्यापेक्षा मला तो कितीतरी बरा वाटला.

कमोडचा आग्रह गरज असेल तरच धरावा. या आजारात काहींचे गुडघे-घोटेही सुजतात आणि अशक्तपणात उकिडवे बसणे कठीण जाते. त्यांनी कारणासह जरूर लिहावे. पाणी, कडी आणि दिवा या तीन गोष्टी मात्र प्रत्येकाने लिहाव्यात. रात्रीच्या पाण्यासाठी आत झाकणाची भरलेली बादली ठेवायला परवानगी मागितली, की मोटरच्या वेळा बदलण्याचा मोठा प्रश्नच उरत नाही.

नमुना पत्र

हे माझे दुसरे पत्र आहे. वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

प्रति,
मा. रेक्टर,
मुलांचे वसतिगृह.

दिनांक : १२ जुलै

विषय : अल्सरेटिव्ह कोलायटिस या दीर्घकालीन आजारामुळे जेवण व शौचालय यांच्या सोयीबाबत.

संदर्भ : पोटविकारतज्ज्ञांचे दि. ८ जुलैचे प्रमाणपत्र (बंद पाकिटात सोबत जोडले आहे).

महोदय,

मी द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असून खोली क्र. २१४ मध्ये राहतो. मला दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. औषधे नियमित चालू असूनही वर्षातून दोन-तीन वेळा तो काही आठवडे बळावतो. त्या काळात मला दिवसातून सात-आठ वेळा, व त्यांपैकी दोनदा रात्री, शौचास जावे लागते आणि साधारण एका मिनिटापेक्षा जास्त थांबता येत नाही. माझी सध्याची खोली शौचालयापासून ७२ पावलांवर आहे. म्हणून चालू शैक्षणिक वर्षासाठी पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.

१. शौचालयालगतची खोली (क्र. २०१ किंवा २०२) मिळावी. हे या सत्रात शक्य नसल्यास दुसऱ्या मजल्यावरील एक शौचालय सकाळी ७ ते ८.३० या वेळेत माझ्यासाठी राखून ठेवावे, किंवा तळमजल्यावरील पाहुण्यांच्या शौचालयाची एक किल्ली मजजवळ असावी.

२. रात्री नळाला पाणी नसते, म्हणून शौचालयात झाकणाची भरलेली बादली ठेवण्याची परवानगी मिळावी.

३. नेहमीच्या दिवसांत मी मेसचे जेवण घेईन. त्रासाच्या दिवसांत सोबतच्या यादीप्रमाणे बिनतिखट वरण, मऊ भात व शिजलेली भाजी माझ्या डब्यात काढून ठेवण्याविषयी मेसला लेखी सूचना द्यावी. असे दिवस सुरू व बंद झाल्याचे मी आदल्या रात्री ८ पर्यंत मेसमध्ये चिठ्ठीने कळवीन. यासाठी जादा खर्च येत असल्यास तो मला कळवावा.

४. मला जेवणाच्या वेळेत पोहोचता आले नाही, तर डबा रात्री १० पर्यंत मेसमध्ये ठेवावा.

५. ताप व वारंवार रक्त पडणे अशी लक्षणे एकत्र दिसल्यास मला त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. अशा वेळी रात्री फाटक उघडून देण्याबाबत पहारेकऱ्यांना सूचना असावी. पालकांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक पाकिटात आहे.

माझ्या आजाराची माहिती आपल्यापुरती राहावी, अशी विनंती आहे. मेससाठीच्या यादीत आजाराचा उल्लेख केलेला नाही. या संदर्भात आपल्या सोयीच्या वेळी भेटण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, वर्ग, खोली क्रमांक)

सोबत : १. वैद्यकीय प्रमाणपत्र, २. मेससाठी आहाराची यादी.

पाचव्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित शौच आणि जोडीला ताप किंवा नाडीचा वेग नव्वदच्या वर, हे आजार गंभीर झाल्याचे चिन्ह डॉक्टर मानतात. तेव्हा पथ्य वाढवत खोलीत पडून राहायचे नसते. पत्रात हे आकडे लिहिण्याची गरज नाही, पण ते आपल्याला आणि खोलीतल्या एका तरी सोबत्याला ठाऊक असावेत.

मेसची यादी अर्ध्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, आचाऱ्यांना जी भाषा वाचता येते त्या भाषेत लिहावी. ‘हे चालेल’ आणि ‘हे नको’ असे दोन रकाने, प्रत्येकात सहा-सात पदार्थ, बस्स. कॅलरी, फायबर, प्रोटीन असले शब्द तिथे कोणाच्याही उपयोगाचे नाहीत.

पत्र देणे आणि त्यामागे लागणे

पत्र प्रत्यक्ष भेटून द्यावे, पण त्याआधी कार्यालयात त्याची आवक नोंद करून घ्यावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का व सही घ्यावी. पोच मागितल्याने रेक्टर रागावतील, अशी भीती वाटते. ‘फाइलला लावायला एक प्रत हवी आहे, सर’ असे म्हटले की कोणी रागावत नाही. शासकीय वसतिगृहात रेक्टरांच्या जागी गृहपाल असतात. तिथे मायना बदलतो, बाकी सगळे तेच. परीक्षेच्या वेळी मध्येच शौचालयात जाण्याची परवानगी मात्र या पत्रात मागू नये. तो अर्ज परीक्षा विभागाकडे वेगळा जातो, आणि दोन्ही एकत्र केले की पत्र एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहते.

खोली वाटपाची यादी लागण्यापूर्वी पत्र पोहोचले तर खोली बदलणे म्हणजे कागदावर एक आकडा बदलणे असते. यादी लागल्यावर त्यासाठी एका मुलाला बिछान्यासकट उठवावे लागते. मी १२ जुलैला पत्र दिले तेव्हा यादी लागून आठवडा झाला होता, म्हणून पहिल्या सत्रात मला किल्लीच मिळाली, खोली नाही. दुसऱ्या सत्रात २०२ मिळाली.

आठवडाभरात उत्तर आले नाही, तर पोच क्रमांक लिहून दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे, आणि त्यानंतरही काही झाले नाही, तर दोन्हींच्या प्रती जोडून प्राचार्यांकडे जावे. सोय मिळाल्यावर ती कुठे मोडते, हेही पाहत राहावे लागते. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीनंतर आचारी बदलले आणि वरणात तिखट परत आले, कारण यादी जुन्या आचाऱ्यांच्या खिशात गेली होती. तेव्हापासून मी यादीच्या पाच प्रती काढून ठेवतो आणि एक प्रत स्वयंपाकघरात वरणाच्या पातेल्याच्या वरच्या भिंतीला चिकटवतो. वाफेने ती महिन्याभरात पिवळी पडते, मग दुसरी लावायची.